आधी सासूबाई, मग काका, शेवटी ग्रुप

ताई, तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नाच्या वेळी निरोपानिरोपी सोपी व्हावी म्हणून सासरच्या मंडळींचा व्हॉट्सअॅप ग्रुप मीच काढला. लग्न झालं, ग्रुप राहिला. आता त्यात 43 जण आहेत आणि दिवसाला दीडशे-दोनशे मेसेज येतात. शुभ सकाळ, फॉरवर्ड, मधूनच वाद. म्यूट करून बघितलं, पण सासूबाई संध्याकाळी विचारतात, "ग्रुपवर बघितलंस का?" आणि मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मागच्या आठवड्यात दोन काकांची जुंपली, मी "आता पुरे करू या का?" एवढंच लिहिलं, तर त्यावरूनही बोलणं झालं. गेल्या वर्षी एक चुलत दीर भलामोठा मेसेज टाकून बाहेर पडले, तो विषय अजून निघतो. मलाही बाहेर पडायचंय, पण चिडून गेली असं वाटायला नको. नवरा म्हणतो, गपचूप नीघ, कुणाला कळणारसुद्धा नाही. खरंच कळत नाही का?
— ग्रुप काढणारीच

कळतं. सगळ्यांना लगेच कळत नाही, पण ज्यांच्या कळण्याची तुम्हाला धास्ती आहे त्यांनाच बहुधा सगळ्यात आधी कळतं.

तुमचे यजमान अर्धं बरोबर सांगताहेत. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की चॅटच्या मधोमध "अमुक लेफ्ट" अशी ओळ सगळ्यांना दिसायची. 2022 मध्ये व्हॉट्सअॅपने ते बदललं. आता ती सूचना फक्त अॅडमिनना जाते. पण त्याच वेळी दुसरी एक सोय आली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ग्रुपच्या माहितीच्या पानावर अगदी खाली गेलं की गेल्या 60 दिवसांत कोण कोण बाहेर पडलं त्याची यादी कुणालाही उघडता येते. आणि कौटुंबिक ग्रुपात अॅडमिन कोण असतात हो? मानाची माणसं. तुमच्या ग्रुपातही लग्नाच्या धांदलीत तुम्ही कुणाकुणाला अॅडमिन करून ठेवलं असेल. यादी एकदा काढून बघा. त्यात एखादे काका असले, तर तुमचं "गपचूप" त्यांच्या स्क्रीनवर ठसठशीत उमटणार. मग ते साधेपणाने ग्रुपवर विचारणार, "सूनबाई ग्रुपमधून गेल्या का? काही झालं का?" आणि उरलेले बेचाळीस जण आपापल्या परीने उत्तर शोधायला लागणार.

माझ्या बाबतीत हे घडलंय. कॉलेजच्या मैत्रिणी-मित्रांचा ग्रुप होता, सत्तावीस जणांचा. मी तो कित्येक महिने अर्काइव्ह करून टाकला होता. एका रात्री फोन आवरताना तो दिसला, उघडला, न वाचताच वर जाऊन बाहेर पडले. वेळ अकरा चाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी अॅडमिनचा फोन. "अगं, वेळ तरी बघायचीस." त्याच संध्याकाळी एका मैत्रिणीने लिहिलं होतं की तिच्या वडिलांना अतिदक्षता विभागात हलवलंय. मी तो मेसेज वाचलाच नव्हता. पण तिच्या फोनवर काय दिसत होतं, ते नंतर लक्षात आलं. आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली की ग्रुपातल्या कुणी तो किती वाजता वाचला ते दिसतं, आणि आपण निळ्या टिका बंद ठेवल्या असल्या तरी ग्रुपात त्या जातातच. मी बाहेर पडण्यासाठी चॅट उघडलं, तेव्हाच माझ्या नावापुढे "वाचला, 11:40" लागलं होतं. म्हणजे तिच्या हिशेबात मी बातमी वाचली, एक अक्षर लिहिलं नाही आणि मिनिटभरात निघून गेले. ते निस्तरायला मला तिच्या घरी जावं लागलं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. माणूस ग्रुप सोडतो तेव्हा लोक दोनच गोष्टी बघतात. त्याच्या आधी ग्रुपात काय चाललं होतं, आणि ही बातमी आपल्याला कुणाकडून कळली. तुम्ही मनात काय धरून गेलात ते कुणालाच दिसत नाही, त्यामुळे लोक या दोन गोष्टींवरून ते ठरवतात. तुमच्या दिरांचं तेच झालं असणार. त्यांच्या मेसेजात कदाचित चार वाक्यं रास्त असतीलही, पण ती बातमी सगळ्यांना एकाच क्षणी, भर ग्रुपात आणि त्यांनीच दिली. कुणाला काही विचारायला जागाच उरली नाही.

म्हणून पहिली गोष्ट: आत्ता निघू नका. काकांच्या वादाला आठवडाच झालाय आणि त्यात तुमचं एक वाक्य आहे. ते कितीही निरुपद्रवी असलं, तरी आज बाहेर पडलात तर तुमचं जाणं त्या वाक्याला जोडलं जाणार. किती थांबायचं ते दिवसांवर मोजू नका, विषयांवर मोजा. वादानंतर ग्रुपात तीन-चार साधे विषय येऊन जाऊ द्यात. कुणाचा तरी निकाल, कुणाचा प्रवास, एखादा जुना फोटो आणि त्याखाली पंधरा जणांचं "किती बारीक होतास रे". असा फोटो येऊन लोक हसले की समजा वाद खाली गेला. तुमच्या ग्रुपचा वेग बघता त्याला दोन-अडीच आठवडे लागतील. मधल्या काळात कायमचं म्यूट आणि अर्काइव्ह दोन्ही करून ठेवा. अर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला तरी वर उसळत नाही. तसं होत असेल तर सेटिंगमध्ये चॅट अर्काइव्हच ठेवण्याचा पर्याय चालू करा. तुमचं नाव घेऊन कुणी मेसेज केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तर मात्र सूचना येऊ शकते, तेवढं धरून चाला.

बऱ्याच जणांना मी इथेच थांबा म्हणते. म्यूट, अर्काइव्ह, फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद, एवढ्यावर त्यांचं काम भागतं. तुमचं भागणार नाही, कारण तुमचा त्रास आवाजाचा नाही, हजेरीचा आहे. यादीत नाव आहे तोवर "बघितलंस का?" हा प्रश्न रास्तच आहे. नाव निघालं की तो प्रश्न बदलून "अगं, ग्रुपवर आज काय आलं माहितेय का?" असा होईल, आणि त्याचं उत्तर द्यायला तुम्हाला मजाही येईल.

आता क्रम. यजमानांचं काम आधी ठरवून घ्या, कारण तुमच्या जाण्याचा भार त्यांच्यावर पडणार आहे. ते ग्रुपात राहणार आहेत ना? मग कुणाचं आजारपण, कुणाचं येणं-जाणं, कार्यक्रमाची तारीख, हे तुमच्यापर्यंत पोचवायचं काम त्यांचं, आणि हे त्यांच्या तोंडून एकदा कबूल करून घ्या. नाही तर सहा महिन्यांनी कुणाच्या तरी ऑपरेशनची बातमी तुम्हाला कळलेली नसेल, आणि तेव्हा "गपचूप नीघ" कुणी सांगितलं होतं हे कुणालाच आठवणार नाही.

मग सासूबाई. त्यांना मेसेज करू नका, फोनही नको. एकाच घरात राहत असाल तर त्या निवांत असताना शेजारी बसून सांगा, वेगळ्या राहत असाल तर पुढच्या भेटीत. मला वाटतं, त्यांचा चेहरा पडतो तो ग्रुपासाठी नाही. त्यांना त्यातलं काहीतरी तुमच्याशी बोलायचं असतं आणि तुम्ही ते बघितलेलं नसलं की बोलणं तिथेच संपतं. तेव्हा त्यांना असं काही म्हणता येईल: "आई, मला ग्रुपवरचं सगळं वाचून होत नाही आणि न वाचता राहिलं की डोक्याला लागून राहतं. मी त्यातून बाहेर पडतेय. पण तुम्ही संध्याकाळी सांगाल ते मला ऐकायचंय. यांच्यापेक्षा तुम्ही नीट सांगता." शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा, सासूबाईंना खोटं कौतुक लांबून ओळखू येतं. त्या "लोक काय म्हणतील" म्हणाल्या तर वाद घालू नका. त्यांनाच विचारा, "काकांना मी सांगू की तुम्ही सांगाल?" हा प्रश्न विचारला की त्या तुमच्या बाजूला येऊन बसतात. पुढे कुणी विचारलं तर "मला आधीच सांगितलं होतं तिने" हे त्या बोलतात, आणि ग्रुपातल्या बाकी सगळ्यांसाठी तेवढं एक वाक्य पुरतं.

त्यानंतर अॅडमिन असलेल्या काकांना एक फोन. दोन मिनिटांचा. वादातले एक काका अॅडमिन असतील तर दुसऱ्या काकांनाही त्याच दिवशी फोन करा, नाही तर तुम्ही एक बाजू घेतली असं होईल. वादाचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर "तो माझ्या डोक्यातसुद्धा नाही, मी महिनाभर आधीपासून ठरवत होते" म्हणा, आणि महिनाभर आधीपासून ठरवत नसाल तर नुसतं पहिलं अर्धं म्हणा.

एक काम मात्र तुमचंच, कारण ग्रुप तुम्ही काढलाय. तुम्ही एकट्याच अॅडमिन असाल आणि तशाच निघालात, तर व्हॉट्सअॅप उरलेल्यांतून कुणाला तरी आपोआप अॅडमिन करतं. त्रेचाळीस जणांत तो मान नववीतल्या भाच्याला मिळाला, तर दुसऱ्या दिवशी ग्रुपचं नाव काय असेल सांगता येत नाही. दुसरे अॅडमिन असले तरी त्यांतल्या एकाला "आता हा ग्रुप तुमच्याकडे" असं तोंडाने सांगा. या सोपवण्याचा तुम्हाला फायदा आहे. रागावलेला माणूस किल्ल्या सोपवत बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता ग्रुपवर काही लिहायचं का? ग्रुप फार मोठा असता, म्हणजे दोनशे जणांचा सोसायटीचा वगैरे, तर मी म्हटलं असतं की काहीही लिहू नका, निघा. सात-आठ जणांचा असता तर फोनच पुरले असते. त्रेचाळीस हा अडनिडा आकडा आहे. सगळ्यांना फोन होत नाहीत आणि न बोलता गेलं तर दिसून येतं. शिवाय ग्रुप तुमचाच. त्यामुळे लिहा, पण तीन वाक्यांच्या वर जाऊ नका. पहिल्यात काय करताय, दुसऱ्यात ग्रुप कुणाकडे, तिसऱ्यात तुम्ही कुठे सापडाल. साधारण असं:

"नमस्कार मंडळी, माझ्याकडून ग्रुपवरचं वाचणं होत नाही, म्हणून आज रात्री मी ग्रुपमधून बाहेर पडतेय. ग्रुप आता काका बघतील. माझा नंबर हाच आहे, फोन-मेसेज कधीही करा, आणि कार्यक्रमांना मी आहेच."

यात काय नाही ते बघा. "हल्ली" नाही. हल्ली म्हटलं की पूर्वी बरं होतं, आता बिघडलंय, असा अर्थ निघतो. "काही जण" नाही, कारण ते वाचून प्रत्येक जण स्वतःचं नाव त्यात घालून बघतो. "मनःशांती" नाही. आणि ज्या वाक्यावाचून आपल्याकडे असा मेसेज पुरा होत नाही, ते "कृपया गैरसमज नसावा" तर अजिबात नाही. ते वाचेपर्यंत कुणाच्या मनात गैरसमज नसतो; वाचल्यावर लोक वर जाऊन तो शोधायला लागतात, आणि तुमच्या ग्रुपात वर गेलं की काकांचा वाद सापडेल.

"कामाचा ताण आहे" हेही लिहू नका, ताण असला तरी. कारण संध्याकाळी तुम्ही स्टेटसला फोटो टाकाल, तो त्याच बेचाळीस जणांतल्या कित्येकांना दिसेल, आणि कुणीतरी म्हणेलच, "ताण दिसतोय बरं का." वाचणं होत नाही, हे कारण खरं आहे आणि त्यावर कुणाला उलटतपासणी घेता येत नाही.

"आज रात्री" हे दोन शब्द मी मुद्दाम घातलेत. मेसेज टाकून लगेच निघालं की ते दार आपटल्यासारखं होतं. समोरच्याने "अगं का?" लिहावं आणि ते वाचायला तुम्ही तिथे नसावं. उलट दोन दिवस रेंगाळलात तर मनधरणी सुरू होते, कुणीतरी हात जोडलेली चित्रं पाठवतं, आणि मग जाणंही अवघड, राहणंही. दुपारी लिहा. संध्याकाळपर्यंत जे काही येईल त्याला एकदाच, एकत्र उत्तर द्या: "सगळ्यांचं वाचलं, भेटूच." रात्री निघा. निघण्याआधी शेवटच्या दिवसाचे मेसेज खरोखर वाचा, माझी रात्र आठवून. कुणाकडे दुखणं-खुपणं, वाईट बातमी असेल तर त्या दिवशी निघायचं रद्द करा. चार दिवसांनी नवं "आज रात्री" लिहिता येतं.

निघाल्यावर कुणीतरी प्रेमाने तुम्हाला परत घेईल, हे जवळपास नक्की समजा. परत घेतल्यावर पुन्हा बाहेर पडणं मात्र हमखास रागाचं दिसतं, म्हणून ती वेळच येऊ देऊ नका. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, आणि तिथे मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं हे ठरवता येतं. "माझे कॉन्टॅक्ट्स, हे सोडून" असा एक पर्याय आहे. त्यात अॅडमिन असलेल्यांची नावं घाला. मग त्यांनी तुम्हाला घ्यायचा प्रयत्न केला तर थेट घेतलं जात नाही, तुम्हाला खाजगी आमंत्रण पाठवायचं का असं त्यांना विचारलं जातं, आणि ते आमंत्रण तीन दिवसांनी आपोआप संपतं. त्यांना नकार असा दिसत नाही. पण याचा एक तोटा आहे. उद्या त्याच काकांनी एखाद्या कार्यक्रमासाठी खरोखर गरजेचा ग्रुप काढला, तरी तुम्ही त्यात आपोआप येणार नाही. दोन महिन्यांनी ती नावं काढून टाका. तोवर त्या 60 दिवसांच्या यादीतूनही तुमचं नाव गेलेलं असेल.

एक मोह होईल, तो टाळा. "आपण जवळच्या पाच-सहा जणींचा वेगळा ग्रुप करू या का?" असं कुणीतरी नक्की म्हणेल, बहुधा जाऊबाई. ग्रुप सोडणं लोक विसरतात. मोठा सोडून लहान काढणं विसरत नाहीत, कारण मग तुम्हाला नको कोण होतं त्याची यादीच तयार होते.

पहिल्या महिन्यात ग्रुपातल्या कुणाकुणाचे वाढदिवस येतात ते आत्ताच बघून ठेवा. त्या दिवशी त्यांना मेसेज न करता फोन करा. ग्रुपवर त्यांना तेच चित्र चाळीस वेळा आलेलं असतं, तुमचा एक फोन वेगळा उठून दिसतो. वादातल्या दोघा काकांपैकी कुणाचा वाढदिवस त्यात आला तर फारच छान.

आणि निघण्याआधी लग्नाचे फोटो उतरवून घ्या. बाहेर पडल्यावर चॅट तुमच्या फोनवर राहतं, जुनं वाचताही येतं, पण जे फोटो तुम्ही कधी डाउनलोडच केले नाहीत ते नंतर उघडतीलच असं नाही. तीन वर्षांपूर्वीचे बरेचसे कदाचित आत्ताही तुमच्याकडे उघडणार नाहीत. मग ते नणंदेकडे मागा. तिला फोन करायला कारण झालं, आणि तुम्ही निघताय हे तिलाही तुमच्याच तोंडून कळेल.